सरकणारी टेकडी

आमच्या ऑफिसात बाईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे त्यांना मिलिमीटरबाई म्हणायचे, आणि त्यांनाही ते माहीत होतं. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. एकीत संगणक, दुसरीत तिवया, दांडे, बॅटऱ्या आणि बाईंचं टेबल. मी तिथं ड्रोन उडवायचो, म्हणून माझं नाव पायलट. विमानात मी जन्मात बसलेलो नाही, पण नाव पडलं ते पडलं.

बाईंनी साखळीनं जमीन मोजली होती, दुर्बिणीनं मोजली होती, आणि पन्नाशी ओलांडल्यावर ड्रोनही आपलासा केला होता. इतकी वर्षं झाली तरी ड्रोन जमिनीवरून उचलला की त्या हातातलं काम थांबवून मान वर करायच्या. "शेवटी पक्ष्याला दिसतं ते माणसाला दिसायला लागलं," असं एकदा म्हणाल्या होत्या, आणि लगेच मला बॅटरी तपासली का म्हणून दटावलं होतं.

नगरपालिकेच्या अभियंत्याचं काम आलं तेव्हाची गोष्ट. शहराच्या टोकाला एका टेकडीच्या उतारावर वस्ती होती. पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या, एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी घरं. तिथं सांडपाण्याची नवी लाइन टाकायची होती, त्यासाठी नकाशा हवा होता. अभियंता तरुण होता, मनमिळाऊ होता, फक्त घाईत होता.

"मॅडम, एकशेवीस मीटरवरून एक फेरी मारा. अर्ध्या तासात काम."

बाईंनी विचारलं, "साहेब, तुम्हाला फोटो हवाय की माप?"

तो हसला. "दोन्ही."

"मग थोडा वेळ द्या."

आम्ही बनवतो त्याला ऑर्थोमोझेक म्हणतात. ड्रोननं काढलेले शेकडो फोटो असे जोडायचे की प्रत्येक घर, प्रत्येक पायरी बरोबर डोक्यावरून पाहिल्यासारखी दिसावी आणि त्या चित्रावर पट्टी ठेवून अंतर मोजता यावं. दिसायला फोटो, वागायला नकाशा. एकच ठिकाण पुष्कळ फोटोंत आलं तरच संगणकाला ते जोडता येतं, म्हणून शेजारशेजारचे फोटो एकमेकांवर भरपूर चढलेले लागतात. त्याला ओव्हरलॅप म्हणायचं.

मी खालच्या शाळेच्या मैदानावरून ऐंशी मीटरवर सपाट उडवायचा बेत केला होता. पुढेमागे ऐंशी टक्के ओव्हरलॅप, बाजूला सत्तर. बाईंनी माझा आराखडा पाहिला आणि कागदावर एक तिरकी रेघ ओढली.

"ही टेकडी. माथा मैदानापासून पन्नास मीटर वर. तू ऐंशीवर उडणार. माथ्यापासून किती उंच राहिलास?"

"तीस."

"तिथं कॅमेऱ्याला इवलासा तुकडा दिसणार. पण तुझ्या ओळी मात्र खालच्या हिशोबानं लांब लांब आखलेल्या. बाजूचा सत्तर टक्के ओव्हरलॅप माथ्यावर वीसवर येईल. खाली नकाशा आणि वर गोधडी, तीही भोकं पडलेली."

मी कान धरले. मग आम्ही उड्डाण असं आखलं की ड्रोननं जमिनीचा चढ धरून वर चढत जावं आणि सगळीकडे जमिनीपासून ऐंशी मीटरच राहावं. त्या उंचीवर आमच्या कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण सव्वादोन सेंटीमीटर. झाडं आणि उंचसखल घरं होती म्हणून बाजूचा ओव्हरलॅपही बाईंनी थोडा वाढवून घेतला.

उरले कंट्रोल पॉइंट. जमिनीवर काळ्यापांढऱ्या चौकटी रंगवायच्या आणि प्रत्येकीचा मध्यबिंदू उपग्रहांच्या साहाय्यानं सेंटीमीटरपर्यंत मोजून ठेवायचा. याच खिळ्यांवर पुढे सगळा नकाशा ठोकला जातो. बाईंनी ते पायथ्याला, माथ्यावर, दोन्ही कडांना आणि मध्ये असे पसरवले. "चादर चारही कोपऱ्यांत धरायची असते. मधेच धरली तर कडा फडफडतात." काही चौकटी नकाशा जोडताना वापरायच्याच नाहीत, नंतर परीक्षा घ्यायला बाजूला ठेवायच्या, हाही त्यांचा नियम.

वस्तीतच बाईंची धाकटी नणंद राहायची. तिच्या अंगणातल्या फरशीवर एक चौकट आली.

"वहिनी, हे काय बुद्धिबळ मांडलंय माझ्या दारात?"

"वन्सं, पुसू नका हं. तुमचं अंगण आता सरकारी कामाचं झालं."

"मग सरकारला सांगा, झाडूनही घ्या म्हणावं."

नकाशा सुरेख आला. बाजूला ठेवलेल्या चौकटींवर तपासला तर चूक एका ठिपक्याइतकीही नव्हती. अभियंत्यानं त्यावर लाइन आखली, कामाला सुरुवात झाली.

पुढे बराच काळ गेला. पावसाळा सरला, लाइन टाकून झाली, आणि झालेलं काम नोंदवायला आम्हाला पुन्हा बोलावणं आलं. रंग अजून टिकून होता. मोजायचं यंत्र नेमकं दुसऱ्या कामावर गेलेलं होतं, म्हणून ठरलं की आज उडवून घ्यायचं, चौकटींची जुनी मापं वापरून नकाशा जोडायचा आणि यंत्र आलं की पडताळून बघायचं.

संगणकाचा अहवाल आला. बहुतेक चौकटी बऱ्या होत्या. चार मात्र बिघडलेल्या. कुठं सहा सेंटीमीटर चूक, कुठं नऊ. मला वाटलं, उडवताना माझंच काहीतरी चुकलं. फोटो एकेक करून उघडले. सगळे स्वच्छ. वाराही नव्हता.

संगणकावर बसणारा आमचा सहकारी म्हणाला, "फोटोंवर चौकटींच्या खुणा चुकीच्या जागी केल्या गेल्या असतील. त्या चार काढून टाकू, अहवाल चकचकीत होईल."

"काढ," बाई म्हणाल्या. "पण फेकू नकोस. परीक्षेला बसव."

म्हणजे नकाशा बाकीच्या चौकटींवर जोडायचा आणि या चार त्यावर कुठं पडतात ते बघायचं. मला वाटलं, नकाशा सुधारला की त्या चारांची चूकही कमी होईल. झालं भलतंच. बाकीच्या चौकटी आणखी नेमक्या बसल्या, आणि या चारांची चूक कमी व्हायच्या ऐवजी वाढली. नऊची चौदा झाली. आधी त्या चार चौकटी नकाशाला आपल्याकडे ओढून धरत होत्या. सोडल्यावर नकाशा मोकळा झाला.

बाईंनी नकाशा छापून घेतला. प्रत्येक चौकटीपासून, जिथं ती असायला हवी होती तिथून जिथं ती दिसत होती तिथपर्यंत, लाल पेन्सिलीनं मोठा करून बाण काढला. चार बाण. चारही उताराकडे तोंड करून. मधला सगळ्यात लांब, आणि तो नणंदेच्या अंगणातून निघाला होता.



"चूक अशी रांगेत उभी राहत नाही रे," बाई हळूच म्हणाल्या. "चूक सैरावैरा पळते."

"मग हे काय आहे?"

त्यांनी संगणकाकडे बोट केलं. जुना आणि नवा नकाशा एकावर एक ठेवून पडद्यावर आलटूनपालटून दाखवायला सांगितला. जुना, नवा. जुना, नवा. पायथ्याची शाळा हलली नाही. माथ्यावरचा खडक हलला नाही. पण उताराचा मधला पट्टा, घरांसकट, पायऱ्यांसकट, कपडे वाळत घालायच्या तारांच्या खांबांसकट, एखाद्या झोपलेल्या जनावराच्या कुशीसारखा खाली जात होता आणि परत येत होता.  मी त्या पायऱ्या चढलो होतो. त्याच अंगणात पाणी प्यायलो होतो. तेव्हाही ती जमीन चालत असेल.

बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "केवढी टेकडी," एवढंच म्हणाल्या. "आणि आवाज नाही, काही नाही."

यंत्र दुसऱ्या दिवशी आलं. शाळेमागच्या पक्क्या खडकावर ते रोवून आम्ही चौकटी एकेक करून दोनदा मोजल्या. बाण खरे निघाले. नणंद दारात उभी होती.

"वन्सं, घरात काही वेगळं वाटतं का?"

"वेगळं काय? सगळं जागच्या जागी आहे. एक मागचं दार तेवढं घासतंय, सुताराला सांगितलंय."

बाईंनी ते दार दोनदा उघडून लावून पाहिलं. मग नकाशा घेऊन वर चढू लागल्या. हलणारा पट्टा वरच्या बाजूला जिथं संपत होता, म्हणजे जिथून वर जमीन स्थिर होती, त्या रेषेवर त्यांनी बोट ठेवलं होतं. तिथं कमरेइतकं गवत होतं. ते बाजूला सारलं आणि मातीत भेग दिसली. माझी मनगटापर्यंतची मूठ आत जाईल एवढी. गवताखालून ती धनुष्यासारखी वाकत लांबवर गेली होती. नकाशावर बोट होतं तिथंच.

अभियंत्याला बोलावलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. भेगेत काठी घालून बघितली, ती पूर्ण गेली. रंग उडालेल्या चेहऱ्यानं तो बाईंना म्हणाला, "मॅडम, मी तर लाइनचं काम पूर्ण झालं म्हणून सही करणार होतो." नंतर कळलं, जमीन सरकल्यानं नव्या लाइनचे सांधेही निसटले होते आणि पाणी टेकडीच्या पोटात मुरत होतं. त्यानं पाणी बंद केलं, भूगर्भतज्ज्ञांना आणलं, आणि मधल्या पट्ट्यातल्या सगळ्या घरांना, सरकणाऱ्या मातीच्या वाटेबाहेर खडकावर असलेल्या शाळेत हलवायचा हुकूम मिळवला.

लोक चिडले. सर्वांत जास्त नणंद.

"चौदा सेंटीमीटर! एक वीत पण नाही. तेवढ्यासाठी मी संसार उचलू?"

"उचला," बाई म्हणाल्या. "मी कधी तुम्हाला काही सांगितलंय? आज सांगतेय. हवं तर माझ्यावर रुसा, पण शाळेत बसून रुसा."

ती गेली. रुसूनच गेली, पण गेली.

टेकडी सुटली ती भर दुपारी. मैदानावर आम्ही सगळे होतो. आधी वरची झाडं हलली, वारा नसताना, एकाच दिशेला. मग गवताचा मोठा पडदा दुमडला आणि मधला पट्टा सावकाश, खरंच सावकाश, खाली निघाला. आवाज नंतर आला, तळपायातून. धुळीनं ऊन झाकलं. धूळ खाली बसली तेव्हा नणंदेचं घर आणि त्याच्या आजूबाजूची घरं नव्हती. माणूस एकही कमी नव्हता. लोक रडत होते, मोजत होते, पुन्हा मोजत होते. नणंद बाईंचा हात इतका घट्ट धरून उभी होती की बोटं पांढरी पडली होती.

सगळं निवळल्यावर अभियंत्यानं नवा नकाशा मागितला. या खेपेला घाई त्यानं केली नाही. बाईंनी सरकलेल्या पट्ट्याच्या बाहेर, दोन्ही बाजूंच्या खडकांवर नव्या जागा निवडल्या, जमिनीचा बदललेला चढ धरून उड्डाण पुन्हा आखायला लावलं, आणि मी ड्रोन उचलला. त्या उघड्या लाल मातीवर तो लहान लहान होत वर गेला. बाईंची मान वरच होती.