सातव्या चित्रातली अवघडलेली बाई

ऑफिसात तिला सगळे चित्रकारबाई म्हणतात. दोन वर्षांत तिने एक रेघ ओढलेली नाही. उजव्या हाताला कंप सुटतो, चहाचा कप धरला तरी बशी वाजते. पण नाव चिकटलं ते चिकटलं. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या त्या ऑफिसात तिचं टेबल भिंतीकडे तोंड करून आहे. पूर्वी त्या भिंतीवर ओली चित्रं वाळत लटकायची. आता तिथे नुसते खिळे उरलेत.

टेबलावर ब्रशच्या जागी कीबोर्ड आला. हवं ते चित्र शब्दांत लिहायचं, त्याला प्रॉम्प्ट म्हणायचं, की संगणक अर्ध्या मिनिटात चार चित्रं समोर टाकतो. मॅडमचा हुकूम एकच: प्रॉम्प्ट इंग्रजीतून. चित्रकारबाईंचं इंग्रजी पाट्या वाचण्यापुरतं. म्हणून ती मराठीत लिहून धाकट्या बहिणीला पाठवते, आणि बहीण एका कारखान्याच्या पत्रव्यवहार खात्यात बसल्या बसल्या त्याचं इंग्रजी करून परत धाडते. मॅडमना हे ठाऊक नाही.

त्या दिवशी एका पुस्तकाची सहा चित्रं आधीच झाली होती. सातवं अडलं होतं.

गोष्ट साधी होती. शाळा झाडणाऱ्या बाईला मुख्याध्यापिका खोलीत बोलावतात आणि खुर्चीवर बसायला सांगतात. रोज ती जी खुर्ची पुसते, तीच. दारातून तिची मुलगी बघते. लेखिकेने एवढंच लिहिलं होतं: ‘आई खुर्चीवर अवघडून बसली.’

सकाळीच मॅडम टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. “हे चित्र लेखिकेकडून दोनदा परत आलंय. चारपर्यंत झालं नाही, तर पुढची पुस्तकं बाहेरच्या कंपनीला देऊ. मग तुम्हाला इथे काय काम देऊ, मलाच सुचत नाहीये.”

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

तिने मराठी वाक्यं बहिणीला पाठवून फोन लावला.

“ताई, अवघडलेलीला इंग्रजीत शब्द नाही गं नीट. ऑकवर्ड म्हणू?”

“म्हण काहीही. पण ती वेंधळी नाहीये.”

“मग लाजलेली म्हणू?”

“लाजायला काय झालं तिला? तिला बसायला सांगितलंय.”

“तू आणि तुझे शब्द! माझ्यामागे तीन पत्रं पडलीयेत. ऑकवर्डच पाठवते.”

चित्रं आली. इंग्रजीत सांगितलं होतं ते बाकी सगळं होतं. डाव्या खिडकीतून येणारा उजेड, टेबलाच्या लाकडाच्या रेषा, फायलींच्या दोऱ्यांची टोकं. मागितली नव्हती ती धूळही उजेडात तरंगत होती. फक्त बाई चुकली होती. पायांची गाठ मारून, ओठ वाकडे करून ती सर्कशीतल्या विदूषकासारखी बसली होती. कपडे ऑफिसातल्या साहेबिणीचे.

शेजारच्या टेबलावरून मांडणीवाले काका डोकावले. पानं जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. “ही खुर्ची पुसणारी नाही हो, विकणारी वाटते.”

तिला हसू आलं नाही. मॅडमच्या केबिनचं दार बंद होतं. तिने हळूच मराठीत टाइप केलं: ‘मुख्याध्यापिकेच्या खोलीत खुर्चीवर अवघडलेली बाई. डावीकडे खिडकी, टेबलावर फायली, दारात नऊ वर्षांची मुलगी.’

चारही चित्रांत बाई पोटुशी होती. पुरे दिवस भरलेली, दोन्ही हात पोटावर. फायली गायब, मुलगी गायब. शाळेच्या खोलीचं मातीचं घर झालं होतं आणि कोपऱ्यात, कोणी सांगितलं नसताना, घागर. दारावरच्या पाटीवर देवनागरीसारखं काहीतरी होतं, पण ते एकही अक्षर नव्हतं.

काका खो खो हसले. “बरोबरच आहे की! आमच्या हिला दिवस गेले होते, तेव्हा सासूबाई हेच म्हणायच्या, सून अवघडलीय, जड उचलू देऊ नका. मशीनला मराठी येतं हो तुमच्यापेक्षा जास्त!”

“येतं कुठे?” ती म्हणाली. “मुलगी कुठे गेली मग?”

चित्राखाली एक बारीक खूण असते, ती तिने दाबली. तिने लिहिलेल्या वाक्याचं संगणकाने आपल्या मनाने केलेलं इंग्रजी उघडलं. ते तिने बहिणीला पाठवलं. बहिणीचा फोन लगेच आला. “ताई, यात लिहिलंय, दिवस भरत आलेली खेड्यातली बाई. मुलीचं नावच नाही. तुझं मराठी आधी संगणकच इंग्रजीत वळवतो, आणि वळवता वळवता अर्धं सांडतो.”

म्हणजे माझ्यासारखंच झालं, तिला वाटलं. मधे कोणीतरी बसलेलं, आणि त्याच्या हातून सांडलेलं.

दोन वाजले होते. तिने अवघडलेली हा शब्द काढून टाकला. त्याच्या जागी काय लिहायचं? अवघडलेला माणूस दिसतो कसा? खुर्ची सरकवायलाही न धजावता ती स्वतःच बसली होती. तिने मान खाली करून स्वतःकडे पाहिलं आणि एकेक गोष्ट लिहायला घेतली.

‘बाई खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेवर बसली आहे. पाठ टेकलेली नाही.’

चित्रात पाठ टेकलेली आली. ‘नाही’ हा शब्द त्याला जणू ऐकूच गेला नव्हता, टेकणं तेवढं ऐकलं. मग तिने ‘नाही’ टाळलं: ‘तिच्या मागे अर्धी खुर्ची रिकामी आहे.’ खुर्ची रिकामी झाली. ‘खांदे कानांकडे ओढलेले. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबलेले. टाचा उचललेल्या. कपडे साधे, सुती, कामाचे. शाळेतलं ऑफिस, सिमेंटच्या भिंती.’ मातीचं घर गेलं, घागर गेली. मुलीसाठी वेगळं वाक्य करून सगळ्यांत आधी घातलं तेव्हा मुलगी दारात आली. हात मात्र काही केल्या मांड्यांखाली जाईनात.

तीच वाक्यं तिने बहिणीला धाडली. या वेळी बहिणीने एकही प्रश्न विचारला नाही, पाच मिनिटांत इंग्रजी परत आलं. त्यात अडण्यासारखा शब्दच नव्हता. इंग्रजीतून हात मांड्यांखाली गेले, टेबलावर उजेडाची तिरीप आली, फायलींचे दोरे परतले. आणि खुर्चीच्या कडेवर ती बाई बसली होती, उठायला सांगतील या आशेने.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाले, “बाई, जरा टेकून बसा हो.”

पावणेचारला मॅडमनी चित्र पाहिलं. “हे! हेच हवं होतं. कसं जमवलंत?”

तिने खरं ते सांगितलं. मराठीही, बहीणही. आता हाकलतीलच, असं धरून सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, “बहिणीचं मला कळायला नको होतं. असो. पुढची दहा पुस्तकं इथेच करू. तुम्ही एक करा. जे शब्द चालत नाहीत त्यांची यादी बनवा, आणि प्रत्येकापुढे तो दिसतो कसा ते लिहा. लेखकांनाही देऊ. सुरुवातीलाच ते शब्द टाळतील, म्हणजे कोणी अडायला नको.”

नोकरी टिकली होती. तिने मान हलवली. वही घेतली, कापणारा हात दुसऱ्या हाताने दाबून धरला आणि वर पहिला शब्द लिहिला: अवघडलेली. मग ओशाळलेली. खजील. हिरमुसलेली. कानकोंडी. शब्द आपणहून येत होते, थांबत नव्हते. कानकोंडीपुढे तिने लिहिलं, ‘मान खाली, डोळे दाराकडे.’ एवढाच का तो शब्द? एवढाच, आता.

फोन वाजला. “ताई, झालं का चित्र?”

“झालं.”

“मग आता काय करतेस?”

“शब्द काढतेय.”

“लागले तर सांग, मी शोधून देते.”

“शोधायचे नाहीयेत गं,” ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीवर पेन टेकवलं. तिच्या मागे अर्धी खुर्ची रिकामी होती.