बाईंचे नऊ आणि त्यांचे नऊ

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात राहणाऱ्या बाईंनी अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात, अशी त्यांची पक्की समजूत आहे. एक, गृहपाठ केलेली. दुसरी, केला नाही आणि आता थापा मारणारी. मी आयुष्यभर रंगमंचावर थापाच मारल्या, त्याही दुसऱ्याने लिहून दिलेल्या. म्हणून मी कायम दुसऱ्या रांगेत. तरी संध्याकाळचा चहा त्यांच्याकडेच होतो. चहा त्या फार चांगला करतात.

निवृत्तीनंतर वर्षभर बाई नुसत्या बसून होत्या. फळा नसला की हातांचं काय करावं, हे त्यांना कळेना. पडदा कायमचा पडल्यावर माझंही तसंच झालं होतं, म्हणून त्यांची ती घालमेल मला ओळखीची होती. मग गेल्या हिवाळ्यात परदेशातल्या भाचीने सुचवलं म्हणून त्यांनी तिकडच्या मराठी घरांतल्या मोठ्या मुलांचा शनिवारचा ऑनलाइन वर्ग सुरू केला. तो चालला. मग लहानांसाठी दुसरा वर्ग काढायचं ठरलं आणि त्याची जाहिरात करायची म्हणून त्यांच्या फोटोखालची कॅप्शन लिहायला त्यांनी मला बसवलं.

मी लिहिलं, ‘सातासमुद्रापार उमलणाऱ्या कळ्यांनो...’

‘कळ्या बिळ्या खोडा,’ बाई म्हणाल्या. ‘आईबापांना तीन गोष्टी हव्या असतात. कधी, कोणासाठी, किती पैसे.’

शेवटी जी गेली ती अशी: ‘लहानांचा मराठी वर्ग. वय ५ ते ८: रविवार, तुमच्याकडे सकाळी ९ (इकडे संध्याकाळी ७.३०). वय ९ ते १२: शनिवार, तीच वेळ. पाऊण तास. एका वर्गात सहाच मुलं. बारा वर्गांची फी ऐंशी डॉलर, आगाऊ. शिकवणार स्वतः बाई.’

शेवटचं वाक्य माझं. तेवढं ठेवलं त्यांनी.

भाचीने ती तिकडच्या तीन-चार गटांत टाकली. आठवड्यात सहा मुलं भरली. बाईंनी अक्षरांची कार्डं रंगवली, भिंतीला कापड लावलं आणि पहिल्या रविवारी पावणेसहालाच फोन बंद करून कपाटात ठेवला. वर्गात फोन वाजलेला त्यांनी कुणाचाच खपवून घेतला नव्हता, स्वतःचा कसा घेतील?

सव्वाआठला त्या माझ्या दारात उभ्या. चेहरा असा की मी चष्मा शोधू लागलो.

‘एकही मूल आलं नाही. साडेसातला लॅपटॉपपुढे बसले, आत्ता उठले.’

‘एकही नाही?’

‘आणि फोन चालू करून बघते तर हे!’ त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. एक आई: ‘बाई, आम्ही थांबलोय.’ दुसरी: ‘वर्ग आहे ना?’ एक वडील: ‘अर्धा तास मूल स्क्रीनसमोर बसलंय. फी पोचली आहे, याची खात्री करून घेतली आहे.’ आणि शेवटी: ‘आम्हाला फसवलं गेलंय का?’

‘मी तिथे बसले होते,’ बाई म्हणाल्या. ‘आणि हे म्हणतात आम्ही थांबलो होतो. आता सांगा, खोटं कोण बोलतंय?’

खरं सांगतो, माझा संशय वेगळाच होता. वय झालं की माणूस खुर्चीत बसतो आणि डोळा कधी लागतो ते कळत नाही. प्रयोग चालू असताना विंगेत घोरणारे मी पाहिलेत.

‘बाई, जरा डुलकी...’

‘नटवर्य, चहा बंद होईल.’

माझा संशय मात्र गेला नाही. आणि बाईंचा तर वाढतच गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोपांखालच्या वेळा पाहिल्या. ‘हे बघा, पहिला निरोप सहा चाळीसचा! वर्ग साडेसातला आणि तक्रार सहा चाळीसला. म्हणजे ठरवून केलंय. कुणीतरी स्वस्तात शिकवणारी गाठली असेल आणि आता पैसे परत काढायचे म्हणून हे नाटक.’

‘नाटकाला नावं ठेवू नका.’

पण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. बाईंनी सहाही घरांना लिहिलं: ‘पैसे परत हवे असतील तर सरळ मागा. मुलांच्या नावावर खोटं बोलू नका.’ तिकडून भाचीचा फोन आला, ती रडकुंडीला आली होती. गटात लोक विचारत होते, ही बाई खरंच आहे की नुसता फोटो? मोठ्या मुलांच्या आयाही आता शनिवारचं काय म्हणून विचारत होत्या. अडतीस वर्षांत बाईंच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्या रात्रीचं जेवण त्यांनी केलंच नाही.

मंगळवारी चहाला गेलो तर बाई फोन कानाला लावून उभ्या. चिंगी नावाच्या मुलीच्या आईला त्यांनी गाठलं होतं, आणि आवाज मोठा केल्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

‘मला फक्त एवढं सांगा, थांबला होतात तर कुठे थांबला होतात?’

‘बाई, तुम्ही दिलेल्या लिंकवरच! नऊच्या ठोक्याला. आणि प्लीज लवकर बोला, मी ऑफिसला निघालेय. साडेआठ वाजले.’

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजले होते.

‘साडेआठ कसे? तुमच्याकडे आत्ता साडेसात असायला हवेत.’

‘आता घड्याळही खोटं बोलतंय का माझं?’

‘मी हिशेब केलाय. आमचे साडेसात म्हणजे तुमचे नऊ.’

चिंगीच्या आईने लांब श्वास सोडला. ‘अगंबाई... अहो, रविवारी पहाटे आमची घड्याळं तासभर पुढे गेली. वसंतात जातातच. फोन आपोआप बदलतो, माझ्या लक्षातच नाही. आता आमचे नऊ म्हणजे तुमचे साडेसहा!’

बाई खुर्चीत बसल्या. मला आमचा परदेश दौरा आठवला. घड्याळं बदललेल्या दिवशी आम्ही रंगून-सजून नाट्यगृहात पोचलो, तर प्रेक्षक शिव्या देत पार्किंगमधून बाहेर पडत होते. दोन दिवस हे मला का सुचलं नाही? कारण मी डुलकीच्या शोधात होतो.

‘साडेसहाला सहाही मुलं आली होती,’ बाई हळूच म्हणाल्या. ‘आणि मी त्यांना खोटारडं म्हटलं.’

माफीचं भाषण लिहून देतो म्हणालो. चांगलं उभं राहिलं असतं, मध्ये एक दीर्घ विराम. त्यांनी मलाच हात जोडले. फोन समोर धरून सहाही घरांसाठी एवढंच रेकॉर्ड केलं: ‘मी बाई. चूक माझी होती, घड्याळाची नव्हे, आणि तुम्हाला जे लिहिलं ते त्याहून मोठी चूक. रविवारी तुमच्या घड्याळात नऊ वाजता मी असेन. ज्यांना पैसे परत हवेत त्यांना आजच देते.’

एका घराने परत घेतले. बाईंनी त्याच दिवशी पाठवले. कॅप्शनमध्ये नवी ओळ आली: ‘तुमच्याकडचे नऊ कायम. घड्याळ पुढे-मागे झालं की बदल आम्ही करू.’ मोठ्या मुलांच्या घरांनाही तेच कळवलं, आणि शनिवार सुरळीत पार पडला.

रविवारी साडेसहाला मी दाराआड बसलो. पडद्यावर पाच चौकटी उघडल्या आणि प्रत्येकीत मुलामागे एक मोठं माणूस, हाताची घडी घातलेलं. असा प्रेक्षक मी आयुष्यात पाहिला नाही. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. एक कार्ड उचललं आणि विचारलं, ‘तुमच्या घरात सर्वांत जास्त कोण घोरतं?’

चिंगी ओरडली, ‘बाबा!’

मग बाबांच्या घोरण्याचा आवाज कसा, तो प्रत्येकाने काढून दाखवायचा, आणि मग ‘घ’. दहाव्या मिनिटाला एक आई उठून गेली. मग दुसरी. विसाव्या मिनिटाला मागे भिंती आणि खिडक्याच उरल्या. एक वडील तेवढे हलले नाहीत. फी पोचल्याची खात्री करणारे तेच.

वर्ग संपल्यावर त्यांनी घसा खाकरला. ‘पुढच्या रविवारी किती वाजता?’

‘नऊ. तुमचे नऊ.’

‘नक्की?’

‘नक्की.’

त्यांनी कागद ओढला आणि लिहून घेतलं. बाईंनीही वाट पाहिली, त्यांचं लिहून होईपर्यंत.