मागचा जिना

लातूरच्या त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तिचा क्लास आणि दुसऱ्यावर माझा. ती जीवशास्त्र शिकवायची, मी रसायनशास्त्र. नांदेडला कॉलेजात असताना आम्ही एकाच खोलीत राहायचो. ती लोह्याची, मी हदगावची. तेव्हाही तिची गादी नीट घातलेली असायची आणि माझी नसायची, एवढ्यावरूनही मला तिचा राग यायचा.

घरमालक औशाचे. पोटमाळ्यासारखी चिंचोळी जागाही क्लाससाठी भाड्यानं जाते, अशा या शहरात त्यांनी इमारत बांधली. मी अकरा महिन्यांचा करार केला, दरवर्षी नवा. वाटलं, बरं आहे, अडकून पडायला नको. दोन-तीन वर्षांत स्वतःची जागा घेऊच. तिनं मात्र नऊ वर्षांचा भाडेपट्टा मागितला. मधेच मालकाला काढता येणार नाही असं कलम घालून घेतलं, मागचं आवार पट्ट्यात धरायला लावलं आणि दुय्यम निबंधकाकडे जाऊन तो रीतसर नोंदवला. मग स्वखर्चानं मागच्या बाजूला लोखंडी जिना बसवला, आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरी वाट हवी म्हणून.

मी इमारतीच्या दाराशी सगळ्यांसमोर हसले होते. "परक्याच्या भिंतीला जिना? हौस आहे बाई तुला."

ती म्हणाली, "हाय ना हौस."

पुढं दरवर्षी करार संपत आला की मालक भाडं वाढवायचे, मी मान डोलवायचे. खाली ती भिंतींना रंग देत होती, बाकं बदलत होती. पालक जिना चढता चढता तिच्या दाराशी थांबायचे. वर येऊन मला विचारायचे, "खालच्या मॅडमसारखं इथं एसी न्हाई का?" मी हसून उत्तर द्यायचे आणि वर्गात फळा जोरजोरात पुसायचे.

मग महापालिकेचे अग्निशमनवाले तपासणीला आले. खाली दहा मिनिटांत काम झालं. वर त्यांनी हॉल मोजला, बाकं मोजली, एकमेव अरुंद जिना पाहिला. मी दाटीवाटीनं बसवते त्याच्या जेमतेम निम्मी मुलं या क्षेत्रफळात बसू शकतात, असं त्यांनी सांगितलं. "आणि तेवढीसुद्धा दुसरा जिना झाल्यावर. तोवर आगीच्या सुरक्षेचा दाखला न्हाई मॅडम." जूनची बॅच तोंडावर होती. दाखला नसेल तर हॉल बंद. अकरा महिन्यांच्या करारावर दुसरीकडे धड जागा मिळणंही शक्य नव्हतं.

मी मालकांकडे औशाला गेले. म्हटलं, "जिना मी करते, पण मग मलाही नऊ वर्षं द्या. माझं लोखंड तुमच्या भिंतीत राहणार."

त्यांनी पान लावत ऐकून घेतलं. "देतो की. नाही कुठं म्हणतो? पर जिना उतरणार कुठं? मागचं आवार त्या मॅडमच्या पट्ट्यात हाय. त्यांची सही आणा, मग आपण दोघं रजिस्ट्रीला जाऊ." पान तोंडात टाकून म्हणाले, "तुम्हालाच तर अकरा महिने पायजे होते."

परतीच्या बसमध्ये मी मनात एकच प्रार्थना करत होते: तिनं नाही म्हणावं. मुलं गेली तरी चालतील, क्लास बुडाला तरी चालेल, पण एकदा तिला वाईट ठरवायची संधी मिळू दे. इतकी मी जळत होते.

ती वह्या तपासत होती. सगळं ऐकून म्हणाली, "सही देते. मुलं जिन्यावर चपला-दप्तरं ठेवायला लागली तर मात्र खपवून घेणार न्हाई. आणि वर्ग चालू असताना वरच्या दाराला कुलूप लावायचं न्हाई."

"जुना जिना वरचं वजन घेईल का?" मी विचारलं. वाटलं, निदान इथं तरी अडेल.

ती उठली आणि मला मागच्या दारातून बाहेर घेऊन गेली. खालचे खांब गरजेपेक्षा जाड होते. वरच्या टोकाला पुढचा भाग जोडण्यासाठी लोखंडी पट्ट्या आधीच सोडलेल्या होत्या आणि त्यांना गंज लागू नये म्हणून ऑइलपेंट मारलेला होता.

"इंजिनिअरला तेव्हाच सांगितलं होतं, वरपर्यंत न्यायची सोय ठेव म्हणून," ती म्हणाली. "वर तुझी पोरं बसतात ना."

मला रडू यायला हवं होतं. गळ्यात पडून माफी मागायला हवी होती. मी पट्ट्यांवरचा रंग नखानं खरवडत उभी राहिले. एवढी वर्षं माझी मुलं, माझी मुलं म्हणत आले होते. ती मुलं आगीत जळाली असती तर, हा विचार तिनं केला होता. मी केला नव्हता.

जिना झाला, दाखला मिळाला, नऊ वर्षांचा पट्टाही नोंदवला. क्लास सुटल्यावर माझी मुलं कधीकधी मागूनच उतरतात, तिच्या दारावरून. ती त्यांना नावानं हाक मारते. मी वरून बघत असते, आणि अजूनही जळते.