घटनेच्या वेळेचा रकाना

आमच्या पोलिस ठाण्यात नोंदी ठेवणाऱ्या मुख्य कारकून बाईंना सगळे रकानाताई म्हणतात. बावीस वर्षांत त्यांच्या नोंदवहीत एकही रकाना रिकामा सुटलेला नाही. मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करतो आणि या शिस्तीपायी बरीच बोलणी खाल्ली आहेत, तेव्हा फार कौतुकाची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका.

पन्नाशीत ताईंना शिकायची हुक्की आली. गुन्हेगारीशास्त्राच्या पदविकेला नाव घातलं. पहिलाच निबंध आला: शहरातल्या चोऱ्या ताण सिद्धांतानं जास्त उलगडतात की दैनंदिन क्रिया सिद्धांतानं? ताईंनी उदाहरण घेतलं आमच्याच हद्दीतल्या एका सोसायटीचं. तिथं वर्षभरात अकरा घरं फुटली होती.

ताण सिद्धांत त्यांना लगेच पटला. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथं पोचायची सरळ वाट सगळ्यांना देत नाही. या ओढाताणीत माणूस पाचांपैकी एका तऱ्हेनं वागतो. ताईंनी पाच तऱ्हांचा तक्ता आखला, प्रत्येकीपुढे उदाहरणाचा रकाना. स्वप्न तेच ठेवून आडवाट धरणारा, ही त्यातली एक तऱ्हा. तिच्यापुढे ताईंनी लिहिलं: संध्याकाळचा वॉचमन. तुटपुंजा पगार, मुलीला डॉक्टर करायची जिद्द. शिवाय अकराही चोऱ्या सहा ते आठमधल्या, त्याची ड्युटी पाचपासून. ध्येय सोडून नियम तेवढे घट्ट धरणारा, या तऱ्हेला मात्र उदाहरण सुचेना. तो रकाना रिकामा राहिला. मी चिडवलं, तर आठवडाभर बोलल्या नाहीत.

कच्चा निबंध त्यांनी कौतुकानं साहेबांना दाखवला. साहेबांनी वॉचमनला चौकशीला बोलावलं. तीन दिवस सकाळपासून बाकावर बसवून ठेवलं. सोसायटीनंही त्याला सांगितलं, एक तारखेपासून येऊ नकोस.

मग ताई दुसऱ्या सिद्धांताकडे वळल्या आणि तिथं घोडं अडलं. त्याचं म्हणणं सोपं आहे. चोरीला तयार असलेला माणूस, हाताला लागण्याजोगी वस्तू आणि राखणदाराचा अभाव, या तीन गोष्टी एका वेळी एका जागी आल्या की चोरी होते. राखणदार म्हणजे वॉचमनच असं नाही, खिडकीतून बघणारी शेजारीणही चालते.

"सहा ते आठ तर सगळे घरी असतात," ताई वैतागल्या. "जिन्यात पोरं, गॅलरीत म्हातारी. हा सिद्धांतच फोल आहे."

"सिद्धांताला नावं ठेवण्याआधी, ताई, ही वेळ आणली कुठून ते सांगा," मी म्हणालो.

"नोंदवहीतून. 'घटनेची वेळ'."

"आणि तक्रारदाराला वेळ माहीत नसली तर?"

ताई उठून कपाटाकडे गेल्या. त्यांनी मूळ तक्रारी काढल्या. सकाळी नऊला कुलूप लावून गेलो, सातला आलो तर कडी तुटलेली. दुसरी तशीच. अकराही तशाच. वेळ कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून ताईंनी माणूस घरी परतल्याची वेळ टाकली होती, कारण रकाना रिकामा ठेवायचा नाही. चोरी नऊ ते सातमध्ये केव्हाही झालेली असू शकत होती. आणि सोसायटीनं दिवसाचा वॉचमन गेल्या वर्षीच काढला होता. सगळे कामावर जातात, राखायचं कुणाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे दिवसा राखणदार कुणीच नाही, दुसरा सिद्धांत चपखल बसत होता. संध्याकाळच्या माणसाविरुद्ध उरला तो फक्त ताण. आणि तसा ताण सोसणारे हजारो लोक चोरी करत नाहीत. त्या सिद्धांतानं माणूस तयार का होतो हे कळतं, पण एकट्यादुकट्याकडे बोट दाखवता येत नाही. खरं सांगतो, मला त्या वेळी ताईंची दया आली.

ताईंनी साहेबांना लेखी दिलं की नोंद चुकली, चूक माझी. साहेब म्हणाले, "बाई, बावीस वर्षांच्या नोंदी संशयात आणताय. खुलासा द्यावा लागेल."

"देते," ताई म्हणाल्या.

वॉचमनची नोकरी वाचली. तो साहेबांचे आभार मानायला आला आणि ताईंच्या टेबलापाशी थांबला. "ताई, तुम्ही मदत केलीत. पण माझं नाव आधी घेतलं कुणी, तेवढं कळलं तर बरं होईल. मुलगी रोज विचारते."

मी मान खाली घालून टाइप करत राहिलो. ताई उठून उभ्या राहिल्या.

"मी," त्या म्हणाल्या.

 तो टेबलावर ठेवलेली टोपी उचलून निघून गेला.

ताईंनी निबंध पुढ्यात ओढला. आडवाटेच्या तऱ्हेपुढचा वॉचमन खोडला. मग ध्येय सोडून नियम तेवढे घट्ट धरणाऱ्याच्या रिकाम्या रकान्यात सावकाश लिहिलं: ठाण्यातली मुख्य कारकून. आणि कागद माझ्याकडे टायपिंगला दिला.