फाटक आपोआप वर गेलं तेव्हा

काल्हेरच्या एका गोदामासाठी मी गेटपासचं अ‍ॅप लिहिलं होतं. मॅनेजरने मोबाइलवर मंजुरी दिली की फाटक उघडायचं. कोड सहज वाचता येऊ नये म्हणून मी तो गुंतागुंतीचा करून टाकला होता. रूट केलेल्या, म्हणजे कंपनीची बंधनं काढून टाकलेल्या फोनवर अ‍ॅप चालायचं नाही आणि ओळख पटवणारं आमचं ठरलेलं सर्टिफिकेट दाखवणाऱ्या सर्व्हरशीच बोलायचं. मी निर्धास्त होते.

अ‍ॅपची सुरक्षा तपासायला आलेल्या बाईंनी रूट केलेल्या फोनवर ड्रायव्हरचं लॉगिन वापरलं. चालू अ‍ॅपमध्ये त्यांनी स्वतःचा कोड घुसवला आणि दोन्ही तपासण्या गप्प केल्या. मग सर्व्हरकडे जाणारा निरोप वाटेत अडवून त्यात "मंजूर" लिहिलं.

खिडकीबाहेर फाटक वर गेलं. मी त्यांच्याकडे वळले.

"आधी कुणी केलं असेल का हे?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "फोन ज्याच्या हातात, अ‍ॅप त्याच्या हातात. तुझ्या कुलपांनी मला दुपारभर अडवलं, एवढंच. सर्व्हर अ‍ॅपचं ऐकतोच कसा?"

ताबडतोब वॉचमनला फाटक हाताने चालवायला सांगितलं. मंजुरीचा अधिकार कुणाला आहे हे सर्व्हरनेच तपासावं, असा बदल केला. कुलपं ठेवली; त्यांनी वेळ तरी मिळतो. काही चोरीला गेलं नाही ना, हे पाहायला गोदामातला सगळा माल मोजून घेतला. माल पुरा भरला. तरीही वॉचमनचा फोन आला की अजून छातीत धस्स होतं.