नकाशावर बंद पडलेलं दुकान

आमचे हे शिलाई मशीन दुरुस्त करायचे. नुसत्या आवाजावरून कुठे अडलंय ते सांगायचे. पण वर्षभरापासून दुकानात चिटपाखरू फिरकेना. "लोक आता मशीन फेकूनच देतात," असं म्हणत तीच तेलाची बाटली पुन्हा पुन्हा पुसत बसायचे. शेवटी महिनाअखेर गाळा सोडतो, असं मालकाला सांगून टाकलं. त्यानेही लगेच दुसरा भाडेकरू ठरवला.

त्याच आठवड्यात मी डबा द्यायला गेले असताना एक जुनी गिऱ्हाईक शिंपीणबाई दुकान उघडं बघून आत आली. ह्यांना पाहून दचकलीच. "अहो, फोन केला तर कोणी बाई म्हणाली, दुकान कधीच बंद झालं!"

कुठला फोन? तिने मोबाईलवर नकाशा उघडून दाखवला. आमच्या दुकानाखाली लाल अक्षरांत 'कायमचे बंद', आणि ह्यांचा जुना नंबर. रिचार्ज न करता सोडून दिलेला. तो कंपनीने दुसऱ्या कोणाला देऊन टाकला होता. मी तिथे फोन लावला.

"मशीनवाल्याचं दुकान बंद झालंय, किती वेळा सांगू?" पलीकडची बाई वैतागली. "नकाशावरही मीच कळवलंय. तरी माझा पिच्छा सोडत नाहीत."

तिचा तरी काय दोष? मी ह्यांच्यावरच उखडले. "एकदा तरी बघायचं होतंत."

"माझ्याच दुकानात जायला मला नकाशा कशाला लागतोय?"

मीही तरी कुठे पाहिलं होतं.

मग मी नकाशावरच्या 'बदल सुचवा'मध्ये नवा नंबर भरला. तो तपासणीत अडकला. म्हणून दुकान आमचंच आहे असा दावा केला, तर नकाशावाल्यांनी न थांबवता काढलेला व्हिडिओ मागितला. त्यात रस्ता, पाटी, कुलूप उघडताना हे आणि आतली हत्यारं दिसायला हवीत. हे इस्त्रीचा शर्ट घालून आले, पाना हातात धरून उगाच हसले. मी मोबाईल हलू दिला नाही.

मालकाच्या हातापाया पडून झालं. तो म्हणाला, समोरच्याला शब्द दिलाय.

तपासणी संपायच्या आत महिना संपला. पाटी घरी पलंगाखाली सरकवली. आणि मग नकाशावर दुकान सुरू झालं, नव्या नंबरासकट.

फोन वाजायला लागला. मशीन टाके सोडतंय, आणू का? पण आमचं घर चौथ्या मजल्यावर, जिना हा एवढासा, अवजड मशीन कोण चढवून आणणार?

"सुई बदलून पाहिलीत का?" हे विचारायचे. जरा वेळ ऐकत राहायचे. मग म्हणायचे, "दुकान बंद झालं हो."

त्या बाईसारखंच. दिवसभर तेच. मला ते ऐकवेना. संध्याकाळी मीच मोबाईल घेतला आणि दुकानापुढे 'कायमचे बंद' निवडलं.

या वेळी व्हिडिओ कोणी मागितला नाही.