पहिले दहा पाईप

बिसराम रहांगडाले ढिला माणूस आहे, असं गावात लहान पोरंसुद्धा सांगतील. ढिला म्हणजे अंगचोर. उभ्या आयुष्यात एकाही दिवशी त्याने अंग चोरलं नाही, पण नाव एकदा पडलं की ते काय अंगरख्यासारखं काढून ठेवता येत नाही. पंचेचाळिशीतच तो वाकून चालायला लागला, तर लोकांनी त्यालाही सोंग म्हटलं.

तो आणि त्याचा धाकटा भाऊ कैलाश, दोघांचा धंदा हापश्या दुरुस्त करण्याचा. सालेकसा तालुक्यातल्या कुठल्याही गावची हापशी पाणी ओढेनाशी झाली की सरपंच या भावांना फोन लावतो. बोअरच्या तोंडावर लोखंडी तिपाई उभी करायची, चरखीचा दोर पाईपला बांधायचा आणि दांडा फिरवत पाईप वर घ्यायचे. एक पाईप दहा फुटी. तो पूर्ण बाहेर आला की खालच्या पाईपला शिकंजा लावून वरचा पान्ह्याने सोडवायचा, बाजूला ठेवायचा, पुढचा उचलायचा. एकाने चरखी फिरवायची, दुसऱ्याने शिकंजा आणि पान्हा सांभाळायचा.

वाटणी त्यांच्या बापाने, मुन्नालालने, करून दिली होती. वीस पाईप असले तर पहिले दहा थोरला काढील, मागचे दहा धाकटा. "पाईप तं सारखेच आहेत," म्हातारा म्हणाला होता. "दहा त्याचे, दहा तुझे. भांडाचं काहीच कारण नाई." पहिल्याचा मान थोरल्याचा म्हणून बिसरामची छातीही फुगली होती. बाप न्यायी होता, यात शंका नाही. त्याच्या न्यायानेच पोराची कंबर मोडली, एवढंच.

रोजचा देखावा असा. बिसराम आपले दहा काढेपर्यंत घामाने निथळायचा, दांडा सोडला की भिंतीला टेकून बसायचा आणि दम खाऊन मगच शिकंजा धरायचा. मग कैलाश उठायचा. गाणं गुणगुणत, बघ्यांशी थट्टामस्करी करत तो आपले दहा पाईप काढायचा. वर येता येता पाईप हलके होतात हे दोघांनाही ठाऊक होतं. हाताला कळतंच ते. पण ते उन्नीस-बीस असेल, असं दोघं धरून चालले होते. निदान बिसराम तरी. बाया हंडे घेऊन उभ्या असायच्या आणि म्हणायच्या, "लहानाच्या अंगात जोर आहे. मोठा काऊन बसून राहते?" बिसरामलाही पुढे पुढे तेच खरं वाटायला लागलं. आपल्यातच खोट आहे, असं म्हणून तो रात्री गुपचूप कंबरेला तेल लावून घ्यायचा.

यंदा पौषात कैलाशने विषय काढला. त्याचा साळा गुड्डू रिकामा बसला होता.

"भाऊ, माघात कचारगडच्या रस्त्यावरच्या हापश्या कराच्या आहेत. जत्रा होते तिथं. तुझ्यानं आता चरखी होत नाई. गुड्डू फिरवल. तू पान्ह्यांची थैली सांभाळ."

थैली सांभाळ म्हणजे बाजूला नुसता बस. चरखीवरून उतरलेल्या माणसाला पुन्हा कोणी चरखीवर बोलावत नाही, हे बिसरामला कळत होतं. घरी येऊन त्याने ओसरीवर सगळं सांगितलं. बोलली ती पोरगी. दामिनी बारावीला होती, सायन्सला.

"बाबा, खाली लटकलेलं सारं वजन पहिल्यांदा तुम्हीच उचलता ना?"

"मंग? कोणीतरी उचलनच."

दामिनीने अंगणातल्या धुळीत काडीने रेघा ओढल्या. पहिला पाईप वर काढताना चरखीवर वीसही पाईपांचं वजन असतं. तो सोडवला की एकोणीस उरतात, मग अठरा. प्रत्येक वेळी उचल दहाच फुटांची, पण ओझं दर खेपेला एक पाईप कमी. वीस, एकोणीस, अठरा असं करत अकरापर्यंत मिळवलं तर एकशेपंचावन्न. हा बापाचा वाटा. पुढे दहा, नऊ, आठ करत एकपर्यंत मिळवलं तर पंचावन्न. हा काकाचा. पाईपांच्या तळाशी असतं ते पंपाचं सिलिंडर तिने हिशेबात धरलं नव्हतं. ते फार जड नसतं.

"पुस्तकात लटकत्या साखळीचं गणित आहे," ती म्हणाली. "अर्धी साखळी वर घेतली की चारातले तीन हिस्से मेहनत संपते. राहिलेल्या अर्ध्या साखळीले एकच हिस्सा लागते."

बिसरामने त्या रेघा बोटाने पुन्हा मोजल्या. बावीस वर्षं त्याने पहिले दहा काढले होते. त्याला आनंद व्हायला हवा होता, आपण ढिले नाही म्हणून. आली ती चीड. बापाची, भावाची, आणि सगळ्यात जास्त स्वतःची, की दांडा हातात असून आपल्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कैलाशकडे गेला. "या खेपेला पहिले दहा तू काढ. मागचे मी काढतो. मंग सांग कोण ढिला आहे तं."

कैलाश हसला. "पाईप तं सारखेच आहेत भाऊ. काढतो."

हापशी कचारगडच्या वाटेवरच्या एका टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची होती, बरोबर वीस पाईपांची. बघे जमले होते, गुड्डूही आला होता. कैलाशने चरखी धरली. तिसऱ्या पाईपाला त्याचं गुणगुणणं थांबलं. सहाव्याला त्याने सदरा काढला. दहावा निघाला तसा दांडा सोडून तो भिंतीला टेकून बसला, नेमका तिथे, जिथे बिसराम बसला असता. दोघा भावांची नजरानजर झाली. कैलाशला कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर ते सरळ दिसत होतं.

बिसराम उठला. मागचे दहा खरोखर हलके होते. इतके हलके, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एक निघाला, दोन निघाले, पाच निघाले. सहाव्याला दांडा फिरवता फिरवता कंबरेत कळ आली आणि तो मटकन खाली बसला. दांडा सुटला. चरखीला उलट फिरू न देणारा अडकाव होता म्हणून पाईप खाली गेले नाहीत.

"आता तं हलके पाईप होते, तेही याच्यानं झाले नाईत," कोणीतरी म्हणालं. "लहान्यानं जड जड काढले, पाहा."

बिसरामने कैलाशकडे पाहिलं. एवढंच बोल, त्याच्या मनात आलं, बावीस वर्षं हे जड पाईप थोरल्याने काढले. एक वाक्य. कैलाश उठला, ढुंगणाची माती झटकली आणि म्हणाला, "मी म्हणलो होतो ना भाऊ, तुझ्यानं होत नाई." उरलेले पाईप त्याने स्वतः काढले, गुणगुणत.

पुढच्या गावाला बिसराम थैली घेऊन झाडाखाली बसला. तिपाई उभी झाली, दोर बांधला गेला. गुड्डू नव्या उत्साहात हात चोळत होता. कैलाशने शिकंजा उचलला आणि साळ्याच्या पाठीवर थाप मारली.

"तू नवा आहेस. पहिल्याचा मान तुझा. पहिले दहा तू काढ, मागचे मी काढतो."

"गुड्डू," बिसराम झाडाखालून म्हणाला, "मागचे दहा माग."

गुड्डूने वळून त्याच्याकडे, त्याच्या वाकड्या कंबरेकडे पाहिलं आणि त्याला हसू आलं.

"काऊन भाऊजी? पाईप तं सारखेच आहेत," तो म्हणाला, आणि त्याने दांडा धरला.